रोमिंग, तिकडचं सिम की ई-सिम? एका जीबीला खरंच किती पडतं ते असं काढा

परदेशी जाण्याआधी इंटरनेटचा हिशेब करणारे बहुतेक जण एकच भागाकार करतात. पॅकची किंमत घेतात, तिला पॅकवर छापलेल्या जीबींनी भागतात आणि ज्याचं उत्तर सगळ्यात लहान येईल ते घेतात. हा भागाकार चुकीचा आहे. पंधरा जीबी घेतले आणि सहा वापरले, तर उरलेले नऊ जीबी परतीच्या विमानात बसताच संपले. त्यांचे पैसे मात्र त्या सहा जीबींनीच भरले. म्हणून भागाकाराच्या वर पॅकची किंमत नाही, तर तुमच्या खिशातून जाणारी सगळी रक्कम हवी आणि खाली पॅकमधले जीबी नाही, तर तुम्ही वापरणार तेवढे जीबी हवेत.

पुढे चौघांच्या कुटुंबाची थायलंडची आठ दिवसांची सहल घेऊन हा हिशेब करून दाखवला आहे. शनिवारी पहाटे बँकॉकला उतरायचं आणि पुढच्या शनिवारी रात्री निघायचं. किमती मी नमुन्यापुरत्या घेतल्या आहेत, कारण पॅक आणि चलनाचे दर सतत बदलतात. पद्धत तीच ठेवा आणि निघण्याच्या आठवडाभर आधीचे तुमचे आकडे त्यात घाला.

## टप्पा १: आधी फोन तपासा

फोन तपासल्याशिवाय किमती बघायला बसू नका. भारतातल्या सिमचं रोमिंग, तिकडचं सिम आणि ई-सिम या तीनपैकी कोणते पर्याय तुमच्यासाठी खुले आहेत हे फोनच ठरवतो.

पहिली तपासणी ई-सिमची, म्हणजे प्लॅस्टिकचा तुकडा न घालता फोनमध्येच उतरवता येणाऱ्या सिमची. डायलरमध्ये हे टाका:

```
*#06#
```

पडद्यावर `IMEI` सोबत `EID` अशी ओळ दिसली, तर फोनमध्ये ई-सिमची सोय आहे. ती ओळ नसेल, तर बहुधा ई-सिमचा पर्याय तिथेच संपला.

दुसरी तपासणी लॉकची, आणि आपल्याकडे याच ठिकाणी जास्त जण अडकतात. मुलाने, भाच्याने किंवा मेहुण्याने अमेरिकेहून आणलेला फोन कित्येक घरांत असतो. तो तिकडच्या कंपनीच्या हप्त्यांवर घेतलेला असेल, तर त्या कंपनीशी बांधलेला असू शकतो. आयफोनवर `Settings` → `General` → `About` मध्ये खाली `Carrier Lock` बघा. तिथे `No SIM restrictions` असंच लिहिलेलं हवं. अँड्रॉइडवर खात्री करायची, तर घरातल्या दुसऱ्याचं, दुसऱ्या कंपनीचं सिम घालून नेटवर्क येतं का ते बघा.

अमेरिकेत विकलेल्या आयफोन १४ पासूनच्या फोनना सिमची खाचच नसते. विमानतळावर दुकानदार प्लॅस्टिकचं सिम हातात ठेवेल आणि ते घालायला फोनमध्ये जागा नसेल. अशा फोनसाठी तिकडचं सिमसुद्धा ई-सिम रूपातच मागावं लागतं.

थांबा, हे बघा: प्रत्येकाच्या फोनसमोर कागदावर दोन शब्द लिहा, ई-सिम आहे की नाही आणि लॉक आहे की नाही. लॉक असलेल्या फोनला तिकडचं सिमही चालणार नाही आणि ई-सिमही नाही. त्याच्यासाठी ज्या कंपनीशी तो बांधलेला आहे तिचंच रोमिंग किंवा दुसऱ्याचा हॉटस्पॉट, एवढंच उरतं.

## टप्पा २: तुम्हाला लागतात किती जीबी?

घरबसल्या केलेला अंदाज जवळजवळ नेहमीच चुकतो. भारतात आपल्याला रोज दीड-दोन जीबी मिळतात आणि आपण ते संपवतो, म्हणून परदेशातही तेवढेच लागतील असं वाटतं. पण त्यातला मोठा भाग सोफ्यावर बसून बघितलेल्या रील्सचा असतो. सहलीत दिवसभर पायपीट असते आणि रात्री हॉटेलचं वायफाय असतं.

मोजायचं असेल तर सहलीसारखाच एक दिवस मोजा. आम्ही एका रविवारी पुण्याहून लोणावळ्याला गेलो तेव्हा हे केलं. सकाळी निघताना वायफाय बंद केलं आणि मोबाइल डेटाचा आकडा टिपून ठेवला. दिवसभर मॅप चालू होता, व्हॉट्सॲपवर फोटो पाठवले, आईशी एक छोटा व्हिडिओ कॉल झाला, जेवायला कुठे जायचं ते शोधलं. रात्री माझ्या फोनवर ६२० एमबी गेले होते. आठ दिवसांचे साधारण ५ जीबी झाले. परक्या ठिकाणी शोधाशोध थोडी जास्त होते म्हणून वर एक पंचमांश धरला आणि आकडा ६ जीबीवर आला.

अँड्रॉइडवर आकडा डेटा वापराच्या पानावर तारखेप्रमाणे दिसतो. आयफोनवर `Mobile Data` च्या पानावर `Current Period` असतो, पण तो महिन्याला आपोआप शून्य होत नाही. म्हणून सकाळी पानाच्या तळाशी जाऊन `Reset Statistics` करा, नाहीतर दोन वर्षांचा साठलेला आकडा बघून घाबरून जाल.

एक गोष्ट हा सगळा अंदाज उधळते, ती म्हणजे फोटो आणि व्हिडिओंचा आपोआप होणारा बॅकअप. आयफोनवर 4K मध्ये सेकंदाला ३० फ्रेमने काढलेला एक मिनिटाचा व्हिडिओ साधारण १७० एमबीचा होतो. फ्लोटिंग मार्केटमध्ये दहा मिनिटं शूटिंग केलंत आणि बॅकअप मोबाइल डेटावर चालू राहिला, तर १.७ जीबी तुमच्या नकळत गेले. बॅकअप फक्त वायफायवर ठेवा. ॲपचे अपडेटही तसेच.

आमच्या चौघांचा अंदाज असा आला: माझे ६ जीबी, बायकोचे ३, सोळा वर्षांच्या मुलीचे ६ आणि वडिलांचा १. एकूण १६ जीबी.

## टप्पा ३: छापील किमतीवरून खरी किंमत काढा

तिन्ही पर्यायांच्या किमती वेगवेगळ्या पद्धतीने लिहिलेल्या असतात. त्या एका पातळीवर आणल्याशिवाय तुलना करू नका.

भारतातल्या कंपनीचं रोमिंग. पोस्टपेडच्या पॅकवर साधारणपणे जीएसटी वेगळा लागतो, म्हणजे किमतीच्या वर १८ टक्के. प्रीपेडच्या छापील किमतीत तो बहुधा धरलेला असतो. दिवसाच्या हिशेबाने मिळणारं पॅक असेल, तर ‘दिवस’ म्हणजे काय ते वाचा. पहिल्या वापरापासूनचे २४ तास, की घड्याळात बारा वाजले की नवा दिवस? आणि वाजले तर भारतातले की तिथले? रात्री साडेअकराला उतरून फोन चालू केला आणि अर्ध्या तासात एक दिवस खर्ची पडला, असं होऊ शकतं.

तिकडचं सिम. किंमत बाथमध्ये असते. रोख देणार असाल तर तुम्ही बाथ ज्या भावाने घेतलेत तो भाव लावा, गूगलवर दिसणारा नाही. कार्डाने देणार असाल तर बँक परकीय चलनाच्या व्यवहारावर दोन ते साडेतीन टक्के लावते आणि त्या शुल्कावर पुन्हा १८ टक्के जीएसटी असतो. साडेतीन टक्के धरले तर एकूण ४.१३ टक्के होतात.

ई-सिम. विदेशी विक्रेत्याकडून घेतलंत तर किंमत बहुधा डॉलरमध्ये असते, म्हणजे कार्डाचे तेच ४.१३ टक्के इथेही. परदेशी कंपन्यांची सिम आणि ई-सिम भारतात विकायला दूरसंचार विभागाचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. ते नसल्यामुळे काही नावाजलेली ॲप २०२४ मध्ये इथल्या ॲप स्टोअरवरून काढून टाकली गेली. परवानगी असलेल्या विक्रेत्याकडून घ्या. तो पासपोर्टची प्रत आणि प्रवासाचे कागद मागेल, तेवढी तयारी ठेवा.

थांबा, हे बघा: कुठेही ‘अनलिमिटेड’ शब्द दिसला, तर बारीक अक्षरांत किती जीबीनंतर वेग उतरतो ते शोधा. वेग १२८ केबीपीएसवर आला की व्हॉट्सॲपचा मजकूर जातो, पण मॅप नीट उघडत नाही. हिशेबात पूर्ण वेगाचे जीबी तेवढेच धरा. ती मर्यादा लिहिलेली सापडलीच नाही, तर तो पर्याय तुलनेत घेऊ नका.

## टप्पा ४: भागाकार

माझ्या ६ जीबींसाठी मी असे तीन नमुने घेतले.

रोमिंग: दिवसाला ५०० रुपये, रोज १ जीबी. जीएसटीसह ५९०, आठ दिवसांचे ४,७२० रुपये.

तिकडचं प्रवासी सिम: ४५० बाथ, ८ दिवस, १५ जीबी. बाथ २.७५ रुपयांनी धरला तर १,२३८, कार्डाचं शुल्क धरून १,२९० च्या आसपास.

ई-सिम: १२ डॉलर, १० दिवस, १० जीबी. डॉलर ८८ रुपयांनी धरला तर १,०५६, शुल्क धरून १,१०० रुपये.

| पर्याय | एकूण खर्च | छापील जीबीने भागून | माझ्या ६ जीबीने भागून |
|---|---|---|---|
| रोमिंग | ₹४,७२० | ₹५९० | ₹७८७ |
| तिकडचं सिम | ₹१,२९० | ₹८६ | ₹२१५ |
| ई-सिम | ₹१,१०० | ₹११० | ₹१८३ |

मधल्या रकान्यात तिकडचं सिम सगळ्यात स्वस्त दिसतं. शेवटच्या रकान्यात ई-सिम पुढे गेलं. तेच दोन पॅक आणि तेच पैसे, फरक फक्त कशाने भागलं त्याचा. मला रोज हॉटेलमधून लॅपटॉपवर काम करायचं असतं आणि १४ जीबी लागले असते, तर निकाल उलटा आला असता. तेव्हा ई-सिमचे दहा जीबी अपुरे पडले असते आणि १५ जीबीचं सिम जीबीला ९२ रुपयांत सगळं काम करून गेलं असतं.

रोमिंगच्या रोजच्या १ जीबीत आणखी एक अडचण आहे. उरलेला डेटा बहुधा दुसऱ्या दिवशी मिळत नाही. समुद्रकिनाऱ्यावरच्या दिवशी ३०० एमबी वापरले तर ७०० एमबी वाया जातात, आणि बँकॉकमध्ये फिरण्याच्या दिवशी १ जीबी दुपारीच संपतो. म्हणून रोजच्या कोट्याचं पॅक आणि एकत्र साठ्याचं पॅक छापील जीबींवरून एकमेकांशी तोलू नका.

नेहमीची चूक: कुटुंबातल्या प्रत्येकाला तेच पॅक घेणं. चौघांचं रोमिंग १८,८८० रुपये झालं असतं आणि चार ई-सिम ४,४०० रुपये. आम्ही कोण कोणाबरोबर फिरणार ते आधी ठरवलं. बायको आणि मुलगी सतत बरोबर असणार होत्या, दोघींचे मिळून ९ जीबी. म्हणून मुलीच्या फोनवर १० जीबीचं ई-सिम आणि तिच्या हॉटस्पॉटवर आई. मला एक. वडिलांना मात्र हॉटस्पॉटवर ठेवलं नाही. गर्दीत चुकामूक झालीच तर ज्या माणसाशी संपर्क व्हायला हवा, त्याचाच फोन हॉटस्पॉटपासून तुटलेला असतो. त्यांच्यासाठी १ जीबीचं ४ डॉलरचं ई-सिम, म्हणजे ३६७ रुपये. एकूण २,५६७ रुपये, १६ जीबींना जीबीमागे १६० रुपये. हॉटस्पॉटचा बेत असेल तर पॅकच्या अटींत त्याची परवानगी आहे का ते आधी वाचा. काही ‘अनलिमिटेड’ ई-सिमवर तो बंद असतो किंवा मर्यादित असतो.

### भागाकारात न बसणाऱ्या तीन गोष्टी

देश बदलला की पॅकची हद्द तपासा. युरोपच्या सहलीत हा घोळ वारंवार होतो. युरोपीय संघातल्या देशांचं सिम इतर सदस्य देशांत चालतं, पण स्वित्झर्लंड संघात नाही आणि ब्रिटनही नाही. पॅकवर ‘युरोप’ लिहिलं आहे एवढ्यावर जाऊ नका, देशांची यादी उघडून तुमच्या मुक्कामाचा प्रत्येक देश त्यात बोट ठेवून शोधा.

दुबई-अबुधाबीला जाणार असाल तर तिथल्या सिमवर व्हॉट्सॲपचे कॉल सहसा लागत नाहीत, कारण तिथे इंटरनेटवरून होणाऱ्या कॉलवर निर्बंध आहेत. भारतातल्या सिमचं रोमिंग घेतलं तर डेटा बहुधा भारतातून फिरून जातो आणि कॉल लागतात. चीनमध्ये गूगल आणि व्हॉट्सॲपच्या बाबतीत हेच. घरी रोज बोलायचंच असेल, तर जीबीला दुप्पट पैसे देऊनही रोमिंग परवडतं.

आणि कॉल. ई-सिम बहुतेक वेळा फक्त डेटाचं असतं, त्याला फोन नंबर नसतो. तिथल्या हॉटेलला किंवा टॅक्सीवाल्याला साधा फोन करायची गरज पडणार असेल, तर एका तरी फोनमध्ये तिकडचं सिम असू द्या.

## टप्पा ५: भारतातल्या नंबरचं काय?

तिकडचं सिम किंवा ई-सिम घेतलं तरी बँकेचा ओटीपी भारतातल्या नंबरवरच येणार आहे. हा टप्पा विसरला, तर वाचवलेले पैसे एका अडकलेल्या व्यवहारात जातात.

निघण्याआधी तीन कामं करा. भारतातल्या नंबरचा मूळ रिचार्ज परतीच्या तारखेच्या चार-पाच दिवस पुढपर्यंत चालेल असा करा. कंपनीच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय रोमिंग सेवा चालू आहे का ते बघा. ही सेवा आणि डेटाचं पॅक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि येणारा एसएमएस त्या देशात फुकट आहे की नाही, येणाऱ्या कॉलला मिनिटाला किती लागतात, तेही तिथेच बघा. सेवा चालू ठेवायला एखादं छोटं पॅक घ्यावंच लागत असेल, तर त्याची किंमत टप्पा ४ मधल्या सिमच्या आणि ई-सिमच्या खर्चात मिळवून पुन्हा भागा.

त्याच बैठकीत बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचे परदेशी व्यवहारही चालू करा. नव्या कार्डांवर ते बंदच असतात आणि ई-सिमचे डॉलर भरतानाच पहिला अडथळा तिथे येतो.

सावधान: फोनमध्ये एकाच सिमची जागा असेल, तर तिकडचं सिम घालण्यासाठी भारतातलं काढावं लागतं आणि ओटीपी बंद होतात. अशा वेळी जुना फोन बरोबर घ्या आणि भारतातलं सिम त्यात ठेवा. सिम काढलेल्या फोनवर बँकेच्या ॲपमधून लॉगआउट करू नका. पुन्हा शिरताना ते त्या सिमवरून एसएमएस पाठवून पडताळणी मागू शकतं.

## टप्पा ६: ई-सिम घरीच बसवा

ई-सिम बसवायला इंटरनेट लागतं, म्हणून हे काम घरच्या वायफायवर करा. निघण्याच्या आदल्या दिवशी केलं तरी चालतं. फक्त मुदत कधी सुरू होते ते आधी वाचा. बहुतेक पॅकची मुदत तिथल्या नेटवर्कला जोडल्यावर सुरू होते, काहींची मात्र बसवल्याक्षणी.

क्यूआर कोड ज्या फोनवर आला आहे तोच फोन तो कसा स्कॅन करणार? कोड दुसऱ्या फोनवर पाठवा किंवा छापून घ्या. ईमेलमध्ये `SM-DP+` या नावाने दिलेला पत्ता आणि ॲक्टिव्हेशन कोड असेल, तर तोही कागदावर उतरवा. स्कॅन चालला नाही तर तो हाताने भरता येतो. बसवल्यावर त्याला ‘थायलंड’ असं नाव द्या आणि निघेपर्यंत ती लाइन बंद ठेवा.

सावधान: बसवलेलं ई-सिम काही बिनसलं म्हणून काढून टाकू नका. कोड बहुतेक वेळा एकदाच चालतो. काढून टाकलेलं ई-सिम म्हणजे गेलेले पैसे.

## टप्पा ७: उतरल्यावरचा क्रम

विमानात बसल्यापासून उतरेपर्यंत एअरप्लेन मोड सोडू नका. काही विमानांत आणि क्रूझवर त्यांचं स्वतःचं मोबाइल नेटवर्क असतं. ते देशांच्या पॅकमध्ये येत नाही, त्याचं बिल वेगळं लागतं.

१. एअरप्लेन मोडमध्ये असतानाच भारतातल्या लाइनचं डेटा रोमिंग बंद करा. लाइन चालू राहू द्या, नाहीतर ओटीपी येणार नाहीत.

२. ‘थायलंड’ ही लाइन चालू करा आणि मोबाइल डेटा तिच्यावर लावा.

३. त्या लाइनचं डेटा रोमिंग चालू करा. इथे बहुतेक जण उलटं करतात. प्रवासी ई-सिम स्वतःही तिकडच्या नेटवर्कवर पाहुणंच असतं, त्यामुळे रोमिंगशिवाय त्याला इंटरनेट मिळत नाही.

४. आयफोनवर `Allow Mobile Data Switching` बंद करा. ते चालू राहिलं तर सिग्नल कमजोर झाल्यावर फोन डेटासाठी भारतातल्या लाइनकडे वळू शकतो.

५. आता एअरप्लेन मोड काढा आणि दोन-तीन मिनिटं थांबा.

नेटवर्कचे दांडे दिसतात पण पान उघडत नाही, असं झालं तर आधी तिसरी पायरी पुन्हा बघा, मग विक्रेत्याने दिलेला एपीएन, म्हणजे इंटरनेटला जोडणारा नेटवर्कचा पत्ता, फोनमध्ये नीट लिहिला आहे का ते बघा. तरीही नाही, तर सेटिंगमध्ये आपोआप नेटवर्क निवडणं बंद करून पॅकवर दिलेल्या कंपनीचं नाव हाताने निवडा.

तिकडचं सिम घेत असाल तर पासपोर्ट हातात ठेवा, थायलंडमध्ये नोंदणीशिवाय सिम मिळत नाही. दुकानदाराने सिम घातल्यावर काउंटर सोडण्याआधी वायफाय बंद करून त्याच्यासमोर एक पान उघडून बघा. काढलेलं भारतातलं सिम पारदर्शक चिकटपट्टीने पासपोर्टच्या कव्हरच्या आत चिकटवा. नखाएवढा तो तुकडा पर्समधून हरवला, तर नवं सिम भारतात परत आल्यावरच मिळणार. व्हॉट्सॲप ‘नंबर बदलायचा का’ असं विचारेल, तिथे जुनाच नंबर ठेवा.

## टप्पा ८: दुसऱ्या रात्री पुन्हा मोजा

पहिले दोन दिवस संपले की रात्री आकडा बघा. आठ दिवसांच्या सहलीत दोन दिवसांत पाव भाग जायला हवा, म्हणजे माझ्या ६ जीबींतले दीड. त्याहून बराच पुढे असेल तर ॲपप्रमाणे वापराची यादी उघडा. आमच्या वेळी मुलीच्या फोनवर दुसऱ्या रात्री २.६ जीबी दिसले. यादीत सगळ्यात वर तिची रील्स नव्हती, फोटोंचा बॅकअप होता. मोबाइल डेटावरचा बॅकअप तिच्या फोनवर बंद करायचा राहून गेला होता. तो बंद केल्यावर उरलेल्या सहा दिवसांत मायलेकींचे मिळून ५.९ जीबी गेले आणि दहा जीबी पुरले.

टॉपअप करायची वेळ आलीच, तर त्यालाही तोच भागाकार लावा. उरलेल्या दिवसांत किती जीबी लागतील तेवढ्यानेच भागा. कधी कधी तीन जीबीच्या टॉपअपपेक्षा नवं छोटं ई-सिम स्वस्त पडतं, फक्त ते बसवायला हॉटेलचं वायफाय हाताशी असेपर्यंतच ठरवा.